हंडाभर कोमट पाणी आणि पेलाभर चहा : उष्णता व तापमान यांतला फरक

(आठवीतल्या एका मुलीला लिहिलेले हे पत्र तिच्या परवानगीने आणि नाव गाळून येथे देत आहे. ती पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरची. दिवाळी झाली की तिचे आईवडील वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मागच्या वर्षी तीही त्यांच्याबरोबर गेली आणि तिची अर्धी सातवी बुडाली. यंदा सहामाहीत विज्ञानात २० पैकी ६ गुण मिळाल्यावर "बाई, मला हे जमायचं नाही, मी भट्टीवरच जाते" असे ती म्हणाली. तिच्या उत्तरपत्रिकेत चुकलेल्या तीन प्रश्नांवर हे पत्र आहे. आपल्या घरीही कोणी आठवीत असेल, तर त्याच्यासोबत बसून वाचावे.)

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझी उत्तरपत्रिका मी पुन्हा काढून वाचली. 'उष्णता' या धड्यावरचे तीन प्रश्न तू चुकवलेस. पण नीट पाहिले तर चूक एकच आहे आणि ती तीन ठिकाणी आली आहे. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू त्यांना एकच समजलीस. तसे समजणे साहजिक आहे, कारण बोलताना आपण दोन्हीला 'गरम' हा एकच शब्द वापरतो. चहा गरम, हवा गरम, तवा गरम. बातम्यांतही पारा चढला की 'उष्णता वाढली' असे म्हणतात. विज्ञानात मात्र या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत आणि त्या मोजायच्या रीतीही दोन आहेत. हा फरक पुस्तकातल्या व्याख्या पाठ करून कळणार नाही. चुलीपाशी बसल्यावर कळेल, आणि चूल तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पहिला प्रश्न : जास्त उष्णता कशाला लागली?

प्रश्न असा होता : पेलाभर पाणी उकळले आणि हंडाभर पाणी आंघोळीपुरते कोमट केले, तर जास्त उष्णता कोणत्या पाण्याला द्यावी लागली? तू लिहिलेस, 'पेल्यातल्या पाण्याला, कारण ते जास्त गरम आहे.'

आता असा विचार कर. उष्णता म्हणजे लाकडाचा खर्च. चुलीखाली किती लाकूड जळाले आणि त्यातले किती पाण्याच्या कामी आले, हा उष्णतेचा हिशेब. तापमान म्हणजे पाण्यात तापमापी बुडवल्यावर दिसणारा आकडा. तो आकडा पाणी किती तापले आहे एवढेच सांगतो. पाणी पेलाभर आहे की हंडाभर, हे तापमापीला कळत नाही. हंड्यातून वाटीभर पाणी काढून वाटीत तापमापी धरलीस, तर हंड्यात दिसलेलाच आकडा दिसेल. आंघोळ मात्र वाटीभर पाण्यात होत नाही.

हे मोजायचे कसे? एक लिटर पाणी, म्हणजे एक किलो पाणी, एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. हे एकच माप लक्षात ठेवले की पुढचा सगळा गुणाकार आहे :

उष्णता = पाण्याचे लिटर × तापमान किती अंशांनी वाढले

पेला २०० मिलिलिटरचा धरू, म्हणजे ०.२ लिटर. पाणी आधी २५ अंशांवर होते, ते १०० अंशांपर्यंत नेले. वाढ ७५ अंश. ०.२ × ७५ = १५. म्हणजे १५ किलोकॅलरी.

हंड्यात २० लिटर पाणी धरू. तेही २५ अंशांवरच होते, पण ते फक्त ४५ अंशांपर्यंत नेले. वाढ २० अंश. २० × २० = ४००. म्हणजे ४०० किलोकॅलरी.

बघ, पेल्यातले पाणी ओठ भाजेल इतके तापले, पण त्याला १५ किलोकॅलरी पुरल्या. हंड्यातले पाणी जेमतेम अंगावर घेण्याजोगे झाले, तरी त्याला ४०० लागल्या. तापमान पेल्याचे जास्त, उष्णता हंड्याला जास्त.

याचे आता लाकूड करून पाहू. एक किलो वाळलेले लाकूड जळले की साधारण साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी बाहेर पडतात. आपण चार हजार धरू. पण तीन दगडांच्या चुलीत त्यातला फार थोडा भाग भांड्यात जातो. बाकीचा धुराबरोबर, वाऱ्याबरोबर आणि दगड तापवण्यात जातो. दहा भागांपैकी एक भाग पाण्याला मिळाला असे धर. म्हणजे एक किलो लाकडातून पाण्याला मिळाल्या ४०० किलोकॅलरी. हंड्याचा हिशेब बरोबर एवढाच आला होता. हंडाभर पाणी कोमट करायला एक किलो लाकूड, आणि पेलाभर चहाला चार काटक्या. हे तुला कोणी शिकवायला नको. आंघोळीच्या पाण्यासाठी मोळी बांधून आणावी लागते आणि चहा मात्र पाचोळ्यावरही होतो, हे तू लहानपणापासून बघत आलीस. परीक्षेत तेवढेच लिहायचे होते.

महाडजवळ सव गावाला गरम पाण्याचे झरे आहेत. त्यांचे पाणी चहाइतके तापलेले नसते, माणसे त्यात आंघोळ करतात. पण ते रात्रंदिवस वाहत असते. तेवढे पाणी लाकडावर तापवायचे म्हटले तर किती मोळ्या लागतील, याचा अंदाज कर. तापमान बेताचे आणि उष्णता अफाट, याचे हे आपल्या शेजारचेच उदाहरण.

उलट उदाहरण तू भट्टीवर पाहिले आहेस. मेणबत्तीच्या ज्योतीचा सर्वांत तापलेला भाग हजार अंशांच्याही वर असतो. विटा भाजायला लागणारे तापमान साधारण ९०० ते १००० अंशांच्या आसपास असते. म्हणजे आकडा पाहिला तर मेणबत्ती भट्टीला हार जात नाही. पण मेणबत्तीवर वीट भाजत नाही. हजारो विटांचा ढीग तेवढ्या तापमानापर्यंत न्यायला जी उष्णता लागते, तिच्यासाठी भट्टी कितीतरी दिवस धुमसत ठेवावी लागते. आग किती 'कडक' आहे हे तापमान सांगते, आणि ती किती दिवस आणि किती इंधन खाणार हे उष्णतेच्या हिशेबावरून कळते.

येथे एक गोष्ट आणखी ध्यानात ठेव. उष्णतेचा हिशेब फक्त वजनावर नसतो, वस्तू कशाची आहे यावरही असतो. पाणी तापायला फार आळशी. एक किलो लोखंड एक अंशाने तापवायला पाण्याच्या साधारण नवव्या भागाइतकीच उष्णता पुरते, म्हणजे सुमारे ०.११ किलोकॅलरी. या आकड्याला पुस्तकात 'विशिष्ट उष्मा' म्हटले आहे. पाण्याचा विशिष्ट उष्मा १ आहे, म्हणून वरच्या गुणाकारात तो लिहावा लागला नाही. दुसऱ्या कोणत्याही पदार्थासाठी तो तिसरा आकडा म्हणून गुणावा लागतो. आता भाकरीचा एक किलो वजनाचा तवा २०० अंशांवर आहे असे धर. तो ३० अंशांपर्यंत निवताना १ × ०.११ × १७०, म्हणजे सुमारे १९ किलोकॅलरी बाहेर टाकतो. शेजारी एक लिटर उकळते पाणी आहे. तेही ३० अंशांपर्यंत निवले तर १ × १ × ७०, म्हणजे ७० किलोकॅलरी देते. तवा पाण्याच्या दुप्पट तापलेला दिसतो, पण त्याच्याकडे द्यायला उष्णता पाण्याच्या एक तृतीयांशही नाही. म्हणून भाकऱ्या झाल्यावर तवा खाली उतरवला की बघता बघता निवतो आणि मोठ्या पातेल्यातले पाणी तासाभरानेही कोमट लागते.

दुसरा प्रश्न : बादलीतले पाणी किती अंशांवर येईल?

१२ लिटर पाणी २५ अंशांवर आहे. त्यात ३ लिटर उकळते पाणी, म्हणजे १०० अंशांचे, ओतले. मिश्रणाचे तापमान किती? तू १०० आणि २५ यांची बेरीज केलीस, दोनाने भागलेस आणि ६२.५ लिहिलेस.

तुझे उत्तर खरे असते तर त्या पाण्याने कोणीही आंघोळ करू शकले नसते. ६० अंशांचे पाणी अंगावर घेतले तर काही क्षणांत भाजते. पण तीन तांबे उकळते पाणी आणि बारा तांबे गार पाणी हे माप तर आंघोळीला अगदी बरोबर होते, हे तुला ठाऊक आहे. मग चुकले कुठे? तू तापमानांची सरासरी काढलीस. सरासरी तेव्हाच चालते जेव्हा दोन्हीकडचे पाणी सारखे असते. येथे गार पाणी चौपट आहे.

याचे चित्र डोळ्यांपुढे आण. एक उभा, अरुंद तांब्या आहे आणि एक रुंद घंगाळ आहे. दोघांत एकेक पेला पाणी ओत. तांब्यात पाणी बरेच वर चढेल, घंगाळात तळ जेमतेम झाकेल. पाणी सारखेच ओतले, पण पातळी वेगळी आली. ओतलेले पाणी म्हणजे उष्णता आणि पातळी म्हणजे तापमान, असे समज. आता दोन्ही भांडी तळाशी नळीने जोडली तर पाणी कुठून कुठे जाईल? ज्याची पातळी वर आहे तिथून खाली. कोणात पाणी जास्त आहे हे नळी विचारत नाही. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की वाहणे थांबेल. उष्णतेचेही असेच आहे. ती नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते आणि दोन्ही तापमाने सारखी झाली की थांबते. हंड्यातल्या कोमट पाण्याला तापवायला चहाच्या पेल्यापेक्षा कितीही जास्त उष्णता लागलेली असो, पेला हंड्यात बुडवला तर उष्णता पेल्यातून हंड्यातच जाईल.

(हे चित्र समजण्यापुरतेच वापर. उष्णता पाण्यासारखा पदार्थ नाही, ती ऊर्जा आहे. दोन हात एकमेकांवर घासले तर ते तापतात, तेव्हा कुठूनही काही ओतलेले नसते.)

आता गणित. उकळत्या पाण्याने जेवढी उष्णता दिली, तेवढीच गार पाण्याने घेतली. हे एकच वाक्य वापरायचे. शेवटचे तापमान ४० आहे का ते तपासून पाहू. ३ लिटर पाणी १०० वरून ४० वर आले, म्हणजे ६० अंशांनी उतरले. दिलेली उष्णता ३ × ६० = १८० किलोकॅलरी. १२ लिटर पाणी २५ वरून ४० वर गेले, म्हणजे १५ अंशांनी चढले. घेतलेली उष्णता १२ × १५ = १८० किलोकॅलरी. दोन्ही बाजू जुळल्या. उत्तर ४० अंश.

पण ४० हे आधी सुचायचे कसे? त्याची सोपी रीत अशी. सगळे पाणी २५ अंशांवरच आहे असे धर. त्यापेक्षा जास्तीची उष्णता फक्त ३ लिटर पाण्याकडे आहे : ३ × ७५ = २२५ किलोकॅलरी. ही आता सगळ्या १५ लिटरांत वाटायची आहे. २२५ ÷ १५ = १५. म्हणजे प्रत्येक लिटर १५ अंशांनी चढेल. २५ + १५ = ४०.

उत्तर बरोबर आहे की नाही हे तुझे तुला ओळखता आले पाहिजे. त्यासाठी दोन खुणा सांगते. उत्तर दोन्ही तापमानांच्या मधलेच असले पाहिजे. १०० पेक्षा जास्त किंवा २५ पेक्षा कमी आले तर काहीतरी चुकले. दुसरी खूण अशी की ज्या बाजूचे पाणी जास्त, उत्तर तिच्या जवळ असले पाहिजे. ६२.५ हे बरोबर मध्यावर आहे आणि पाणी तर एकीकडे चौपट आहे, एवढ्यावरूनच ते उत्तर खोडता आले असते. प्रत्यक्ष बादलीत तापमापी धरलीस तर ४० पेक्षा एखाद-दोन अंश कमी दिसेल, कारण थोडी उष्णता बादली तापवण्यात जाते आणि थोडी हवेत जाते. पेपरात 'उष्णता बाहेर जात नाही असे माना' हे वाक्य त्यासाठीच असते. आणि हे करून पाहताना दवाखान्यातली तापाची तापमापी वापरू नकोस. तिच्यावर ४२ अंशांच्या आसपासच आकडे संपतात, गरम पाण्यात ती फुटेल. प्रयोगशाळेतली लांब तापमापी माझ्याकडून घेऊन जा आणि तिचा फुगा भांड्याच्या तळाला टेकवू नकोस.

तिसरा प्रश्न : उकळत्या पाण्याखाली जाळ वाढवला तर?

तू लिहिलेस, 'पाण्याचे तापमान १०० पेक्षा जास्त होईल.' हे उत्तर वर्गातल्या बहुतेकांनी तसेच लिहिले आहे, आणि मोठी माणसेही असेच समजतात. डाळ लवकर शिजावी म्हणून उकळी आल्यावरही चुलीत लाकडे सारत राहतात.

खरे असे आहे की उघड्या भांड्यातले पाणी एकदा उकळू लागले की तापमापी जागची हलत नाही. जाळ मोठा कर, लहान कर, आकडा तोच. मग ती सगळी उष्णता जाते कुठे? ती पाण्याची वाफ करण्यात जाते. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. त्यांना सोडवून वाफ करायला उष्णता लागते, पण तेवढ्याने तापमान वाढत नाही. तापमापीला ती दिसत नाही, म्हणून तिला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. १०० अंशांवरचे एक किलो पाणी १०० अंशांवरचीच वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मोजली ती स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठातले अध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी, १७६० नंतरच्या एक-दोन वर्षांत. त्यांनी फार मोठी यंत्रे वापरली नाहीत. पत्र्याच्या सपाट बुडाच्या भांड्यात पाणी घेतले, ते तापून लाल झालेल्या लोखंडी शेगडीवर ठेवले आणि वेळ मोजली. पाणी उकळायला सुमारे ४ मिनिटे लागली. सगळे पाणी आटून जायला त्यानंतर जवळपास २० मिनिटे लागली. शेगडी तीच, जाळ तोच. म्हणजे दर मिनिटाला भांड्यात जाणारी उष्णताही साधारण तेवढीच. मग त्या २० मिनिटांत पाचपट उष्णता भांड्यात गेली, तरी तापमान एक अंशही वाढले नाही. त्याआधी विद्वान माणसेही उष्णता आणि तापमान यांची गल्लत करत होती. ब्लॅक यांनी दोन्हींना वेगळे केले ते घड्याळ आणि शेगडी यांच्या साहाय्याने. तेव्हा तुझी चूक फार जुनी आहे आणि तिचे उत्तरही स्वयंपाकघरातलेच आहे.

हे तूही करून पाहू शकतेस, पण स्वयंपाकाच्या मावशी जवळ असतानाच. गॅसवर लहान पातेल्यात अर्धा लिटर पाणी ठेव. ज्योत एकदा ठरव आणि मग तिला हात लावू नकोस. उकळी यायला किती मिनिटे लागली ते लिही. मग पाणी आटून अर्धे होईपर्यंत किती मिनिटे लागली ते लिही. पातेले पूर्ण कोरडे होऊ देऊ नकोस. हिशेबाने पाहिले तर २५ अंशांवरून उकळी यायला दर किलोला ७५ किलोकॅलरी लागतात, आणि अर्धे पाणी वाफ व्हायला २७०, म्हणजे साडेतीन पटींहून थोडे जास्त. उकळी ७ मिनिटांत आली असेल तर अर्धे पाणी आटायला साधारण २५ मिनिटे लागतील. नेमके तेवढेच येणार नाही, कारण भांड्याच्या कडेनेही उष्णता जात असते. पण ७ आणि २५ यांतला फरक तुला दिसल्यावाचून राहणार नाही.

आता याचे लाकूड कर. एक लिटर पाणी वाफ होऊन गेले तर ५४० किलोकॅलरी गेल्या. आपल्या चुलीच्या हिशेबाने एक किलो लाकडातून ४०० मिळतात, म्हणजे सव्वा किलोहून जास्त लाकूड गेले. मघाचा हंडा आठव. २० लिटर पाणी कोमट करायला एक किलो लाकूड लागले होते. उगाच आटवलेले एक लिटर पाणी त्याहून जास्त लाकूड खाऊन जाते! डाळीला उकळी आली की जाळ कमी कर, उकळी मोडणार नाही एवढाच ठेव आणि वर झाकण ठेव. डाळ तेवढ्याच वेळात शिजेल, कारण ती शिजते तापमानावर, आणि तापमान दोन्ही वेळा तेच असते. ज्या आयांना डोक्यावरून मोळी आणावी लागते, त्यांच्यासाठी हा फरक परीक्षेतल्या दोन गुणांपेक्षा मोठा आहे.

मग तापमान वाढवायचेच असेल तर? जाळाने वाढत नाही, दाबाने वाढते. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापूनच उकळते. म्हणून त्यात डाळ लवकर शिजते. याच्या उलट आपल्याकडून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलीस तर तिथे हवेचा दाब कमी असतो. तिथली उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर आहे आणि तिथे उघड्या पातेल्यातले पाणी ९५-९६ अंशांच्या आसपासच उकळू लागते. म्हणून तिथे उघड्यावर डाळ शिजायला पोलादपूरपेक्षा जास्त वेळ लागतो, जाळ कितीही करा.

शेवटी एक गोष्ट परीक्षेसाठी नाही, पण तुझ्या हातांसाठी सांगते. उकळते पाणी आणि त्यावरची वाफ, दोन्ही १०० अंशांवर असतात. तरी वाफेने भाजलेले जास्त वाईट असते. एक ग्रॅम उकळते पाणी कातडीवर पडून ४० अंशांपर्यंत निवले तर ६० कॅलरी देते. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होताना ५४० कॅलरी देते आणि मग निवताना वरच्या ६० देते, मिळून ६००. तापमान तेच, उष्णता दहापट. म्हणून भाताच्या टोपावरचे झाकण उघडताना ते आपल्या बाजूने उचलायचे नाही. पलीकडची कड आधी उचलायची, म्हणजे वाफ तोंडावर न येता पलीकडे जाते. आणि भाजलेच तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली वीसेक मिनिटे हात धरायचा. बर्फ, टूथपेस्ट, शाई असले काही लावायचे नाही. मोठी फोडे आली किंवा चेहरा भाजला तर थेट दवाखान्यात जायचे. इतका वेळ पाणी का, हे आता तुला सांगता येईल. कातडीच्या आत गेलेली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो, आणि ती बाहेर यायला शेजारी तिच्यापेक्षा कमी तापमानाचे काहीतरी सतत असावे लागते.

आता तुझे काम. वहीत दोन व्याख्या लिही, पण पुस्तकात न बघता. तापमान : वस्तू किती तापली आहे ते सांगणारा आकडा, अंशांत मोजतात. ज्याचे तापमान जास्त, त्याच्याकडून उष्णता वाहते. उष्णता : तापमानातल्या फरकामुळे एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारी ऊर्जा, कॅलरीत किंवा ज्यूलमध्ये मोजतात. एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ ज्यूल. व्याख्या लिहून झाल्या की प्रत्येकीपुढे चुलीपाशी पाहिलेले एकेक उदाहरण तुझे तू लिही. हंडा, पेला आणि तवा सोडून.

मग हे दोन प्रश्न सोडव :

१. २० अंशांच्या ६ लिटर पाण्यात ८० अंशांचे २ लिटर पाणी ओतले. मिश्रणाचे तापमान किती होईल? उत्तर काढण्याआधी ते ५० च्या वर येईल की खाली, हे कारणासह लिही.

२. भट्टीवर कच्च्या, ओल्या विटा लगेच न लावता आधी उन्हात वाळवतात. न वाळवता लावल्या तर लाकूड का जास्त लागेल? 'अप्रकट उष्मा' हा शब्द वापरून चार ओळींत लिही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात तुझ्याइतके चांगले कोणालाही लिहिता येणार नाही, कारण विटा वाळवताना तूच पाहिल्या आहेस. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर वही घेऊन ये. फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि या धड्याला त्यात आठ गुण आहेत. तुझ्या आईशी मी बोलले आहे. परीक्षा होईपर्यंत तू वसतिगृहातच राहशील, भट्टीवर धाकट्या भावाला तुझी मावशी बघणार आहे. तेव्हा ती काळजी करू नकोस.

तुझी,
विज्ञानाच्या बाई